लोकेशन मागणारा नवरदेव

हिंगोलीच्या बसस्टँडवर आम्ही दोघी कंडक्टर, वैशाली आणि मी. दोन फेऱ्यांच्या मधे चहा, आणि चहासोबत घरचं सगळं. किस्से असे साचलेत की सांगत बसले तर गाडी सुटेल.

*

पहिला माझ्याच नवऱ्याचा. तो हट्ट्याला शेतात, मी गाडीवर. माझा ड्रायव्हर नवीन होता, दिसायला बरा. एका जेवणात मी तीनदा त्याचं नाव घेतलं. नवऱ्याचा घास थांबला. "मला त्याचा राग येऊन राहिला. काहून, ते मलाच कळंना," म्हणाला. मी हसले, तोही हसला. पुढच्या रविवारी त्यानंच ड्रायव्हरला जेवायला बोलावलं. आता दोघं क्रिकेटवर बोलत बसतात, मला कुणी विचारत नाही.

*

वैशालीची सोयरीक डोंगरकड्याला जमली. साखरपुडा झाला अन् नवरदेव ड्यूटीवर लोकेशन मागू लागला. तिला गुदगुल्या व्हायच्या. मग सोबत कोण आहे त्याचा फोटो. सोबत तिचे ड्रायव्हर शेखचाचा, रिटायरमेंटला आलेले, कंबरेला पट्टा. फोटो बघून याचा प्रश्न, "हा एवढा हसून काहून राहिला?" तेव्हापासून चाचा फोटोत आधार कार्डासारखे बसायचे.

*

भेटला की नवरदेव आधी तिचा फोन घ्यायचा. चाचांचा नंबर उडवला, मग शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, मग मी. एका उत्तरातून दोन नवे प्रश्न. ती रडली की माफी, नवा ड्रेस, अन् पुन्हा तेच. शेवटी तिनं मला 'गॅस एजन्सी' नावानं सेव्ह केलं. आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता ती म्हणाली, "कुणाशी बोलायच्या आधी मला त्याचं भ्या वाटून राहिलं गं."

मी म्हटलं, जळला तर माझाही नवरा होता. पण त्यानं ते बोलून दाखवलं, माझं ऐकलं अन् विषय संपला. माझं काही गेलं नाही. तुझं काय काय गेलं ते मोज. ती बोटं मोजत दुसऱ्या हातावर गेली. मग ठरलं, एकदा नाही म्हणून बघायचं.

*

आज लोकेशन नाही, यापुढं फोनही दाखवणार नाही, असं तिनं कळवलं. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न मिस कॉल. मग तिच्या भावाला फोन, मग स्टँडवरच्या कंट्रोलरला. गॅस एजन्सीचा नंबरही त्यानं लिहून ठेवला होता. मी फोन उचलला अन् सांगितलं, सिलिंडर संपलेत.

वैशालीची आई म्हणाली, किती जीव लावतो. वडील मात्र फोनवरची यादी सरकवत राहिले. "मी बैलालाबी दिवसात एवढ्यांदा हाक मारली न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन अंगठी परत करून आले.

*

आठवड्यानं तो तिच्याच गाडीत चढला. गाडी भरलेली. वैशाली मशीन घेऊन समोर उभी राहिली. कुठलं तिकीट, विचारलं.

"तू जाशील तिथलं."

तिनं बटण दाबलं, तिकीट हातात दिलं. दहा मिनिटांनी घंटी वाजवली. गाडी थांबली.

"उतरा," ती म्हणाली. "तिकीट इथपर्यंतच हाय."