सरीची तोंडं

माझं माहेर कोकणातलं, चौलजवळचं, भाताचं. लग्नानंतर परभणीकडच्या काळ्या मातीत आले. नवरा तालुक्याला शिक्षक, म्हणून वावर मी बघते. माहेरी पाणी शेतात कोंडायचं असतं. इथं ते बाहेर काढता आलं नाही तर सोयाबीन पिवळं पडतं. ही माती उन्हाळ्यात इतकी फाटते, की एकदा माझा विळा भेगेत गेला तो गेलाच. पावसात तीच फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर तुंबून राहतं.

दोन हंगाम खालच्या कोपऱ्यातलं पीक सडल्यावर मी रुंद गादीवाफे घालायचं ठरवलं. चार फुटांचा गादीवाफा, त्यावर सोयाबीनच्या चार ओळी, आणि दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची सरी. ट्रॅक्टरवाल्याला वावराच्या लांब बाजूनं पेरायचं होतं, कारण वळणं कमी लागतात. पण तो थेट उतार होता. सरीतून पाण्याबरोबर मातीही गेली असती. मी उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी आणली, खुंट्या ठोकल्या, आणि शंभर फुटांत साधारण सहा इंच उतार मिळेल अशी तिरपी आखणी केली.

"मॅडम, अशानं डिझेल जास्त जातंय," तो म्हणाला.

"जाऊ दे. माती तरी राहील."

सगळ्या सऱ्या एका चरात उतरत होत्या. तो चर चुलत दिरांच्या धुऱ्याला, म्हणजे हद्दीच्या बांधाला लागून ओढ्याला जाणार होता. दिरांची तूर पलीकडेच. ते धुऱ्यावर उभे राहून सगळं बघत होते.

"वहिनी, तुमचं पाणी माझ्या तुरीत आलं तर?"

"चरात गवत लावतेय, भाऊजी. काठ फुटणार नाही."

"कोकणातल्या लोकांचं पाण्यावर लई प्रेम असतं म्हणतात. ते आमच्या वावरात सोडण्यावरही असंल."

मी हसले नाही. एकच हंगाम बघू, पाणी आलं तर चर बुजवायचा, या बोलीवर ते तयार झाले. चर बुजला की माझी आखणीही संपली.

आषाढात पाऊस लागला. दोन दिवस पाणी सऱ्यांतून शांतपणे गेलं. त्याच सुमारास आई चौलहून राहायला आली. तिसऱ्या सकाळी वावरात गेले तर सऱ्या काठोकाठ भरलेल्या, गादीवाफे भिजून मऊ झालेले. खाली जाऊन बघितलं तर सगळ्या सऱ्यांची तोंडं चिखलानं बंद. एका कडेनं पाणी फुटून दिरांच्या धुऱ्याकडे निघालं होतं.

मला एकच नाव सुचलं. धुरा त्यांचा, भीती त्यांची. पाणी त्यांच्याकडे फुटलं की चर बुजवायला कारणही त्यांनाच मिळणार होतं. मी फावडं उचललं तेवढ्यात ते आलेच.

"हे काय वहिनी? सोडलंत ना शेवटी?"

"तोंडं कुणी बुजवली, भाऊजी?"

"मला इचारता? सऱ्या तुमच्या."

"रात्रीतून आपोआप बुजल्या?"

"माझ्या हातचं काम असतं तर पाणी माझ्याकडं कशाला फुटू दिलं असतं?"

तरी माझा विश्वास बसला नाही. पहिलं तोंड उघडायला वाकले आणि थांबले. हे फावड्याचं काम नव्हतं. चिखल टाचेनं दाबून अर्धगोल केलेला, आणि वाहून जाऊ नये म्हणून मध्ये गवताची जुडी खोचलेली. भाताच्या खाचराचं पाणी आम्ही असंच अडवतो. इथं तसं कुणी करत नाही.

माझ्या आधीच वावरात आलेली आई बांधावर बसली होती, पाय चिखलानं माखलेले.

"आई, हे तू केलंस?"

"मग कोन करनार? येवढं पानी फुकट चाललं व्हतं. तुला दिसत न्हाय काय?"

दीर मोठ्यानं हसले. "घ्या! चोर घरातच."

त्यांनी एक फावडं घेतलं, मी दुसरं. तोंडं उघडली, फुटलेला काठ दाबला. पाणी तुरीच्या पहिल्या ओळीपर्यंतच पोचलं होतं. "या खेपेला सोडतो," ते म्हणाले. आई मात्र रुसून घरी गेली.

पुढं श्रावणात पाऊस ओढ देणार असं दिसायला लागलं. पावसाच्या शेवटच्या सरींचं पाणी सऱ्यांत अडवलं तर ओल टिकते, वाफ्यांना भेगा कमी पडतात, मुळं तुटत नाहीत. मी आईला वावरात घेऊन गेले. "आता बुजव," म्हटलं. तिनं लगेच टाच लावली.

दीर धुऱ्यावरून ओरडले, "आता कशाला बुजवता? मोठा पाऊस आला तर?"

"तर उघडेन."

"कुणी सांगावं!"

तेव्हापासून ढग भरून आले, की ते माझ्या सऱ्यांची तोंडं बघून जातात. ते गेले, की मीही एक चक्कर मारते.