चार टक्के कुठं गेले

कोंडाण्याची जया कर्जतच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तिचा पाय कधी एका जागी ठरत नाही. ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावायच्या तेव्हा मात्र ती खुर्चीला खिळते. जुन्या साठ्यातला एकेक ट्रान्झिस्टर सारख्याच व्होल्टेजवर मोजायचा, सारख्या प्रवाहाचे दोन निवडायचे आणि चपट्या बाजू चिकटवून दोऱ्यानं बांधायचे, म्हणजे दोघांना ऊबही सारखीच. मी तिथं शिकवतो, पण इतका धीर माझ्यात नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. करंट मिरर म्हणजे एका बाजूचा प्रवाह दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा उमटवणारी जोडणी. तिच्या एका बाजूला संदर्भ म्हणून एक मिलिअँपिअर सोडला होता, दुसऱ्या बाजूला मीटर ०.९६ दाखवत होता.

"जोडी जुळलेली नाही. जर्नलांत सगळ्या मुलांचे १.०० आहेत. मग इथंच चार टक्के कमी कसे? अहवालात लिहावं लागेल," म्हणत परीक्षक लिहू लागले.

जयाचा करार त्याच महिन्यात संपत होता आणि असा शेरा गेला की नवा मिळणं कठीण. मी टेबलावरचा जर्नलांचा गठ्ठा सरळ करत राहिलो.

जया मात्र बोलली. "साहेब, जोडी बरोबर हाय. दोघांची अदलाबदल करून बघू का? जोडीत फरक असंल तर आता उलट एकाहून जास्त दाखवंल."

तिनं ट्रान्झिस्टर जागा बदलून लावले. बोटांची ऊब निवेपर्यंत ती टेबलाभोवती फिरत राहिली. तेवढ्यात मी तीनदा घड्याळ पाहिलं. मीटर स्थिरावला: ०.९६.

"बघा. दोघांना चालू ठेवायला बेसच्या पायाला लागणारा प्रवाह त्या एक मिलिअँपिअरमधूनच जातो. ह्यांचा गेन पन्नास, म्हंजी पन्नास भागांमागं एक भाग बेसला. दोन भागिले पन्नास, झाले चार टक्के. त्ये कुठं हरवलं नाय, बेसनं खाल्लं."

परीक्षक म्हणाले, "मग दाखवा."

तिनं तिसरा ट्रान्झिस्टर बसवला. आता दोन्ही बेसना प्रवाह तो पुरवणार, संदर्भाच्या बाजूनं फक्त त्याच्या बेसपुरता चिमूटभर जाणार. प्रवाह कमीजास्त करणारा पॉट फिरवून तिनं संदर्भाचा प्रवाह पुन्हा एकवर आणला. दुसरा मीटर ०.९९ आणि १.०० यांच्यात लुकलुकू लागला.

परीक्षकांनी लिहिलेली ओळ खोडली. मग जर्नलांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. "म्हणजे साध्या मिररवर हे सगळे १.०० मोजलेलेच नाहीत. मागच्या वर्षीचे आकडे उतरवलेत. तपासलं कोणी?"

जया वायरी गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी," मी म्हणालो. "आणि आकडे उतरवलेले असतात, हे हिनं दोन वर्षांपूर्वीच मला सांगितलं होतं. तेवढ्यानं काय बिघडतं, म्हणून मी सह्या करत गेलो."

हे मी दहा मिनिटं आधी, ते अहवाल लिहीत होते तेव्हाच बोलायला हवं होतं. जयालाही ते ठाऊक होतं.