एकाच पोरीचे दोन फलक

त्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्लेसमेंटसरांइतका सज्जन माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं बेमालूम खोटं बोलणाराही. गोल चेहरा, गळ्यात कायमची गाठ मारून ठेवलेला टाय. सकाळी डोक्यातून घालायचा, संध्याकाळी तसाच खुंटीला. पोरांना नोकऱ्या लावून देणं हे त्यांचं काम. निरोप समारंभात ते दरवर्षी छातीवर हात ठेवून सांगत, "बाळांनो, आधी दोन वर्षं काम करा. हात काळे करा. मग खुशाल परदेशी जा." पोरांच्या आयांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर त्यांच्या बायकोचं ऑफिस. परदेशात मास्टर्स करायला पोरं पाठवायचं. तिला पोरं व्हिसाबाई म्हणत. तिचंही भाषण ठरलेलं: "आत्ताच जा रे बाबा! अभ्यासाची सवय एकदा मोडली की मोडली. दोन वर्षांनी प्रोफेसर तुला ओळखायचे नाहीत, शिफारसपत्र काय भिंती देणार?"

आता गंमत ऐका. ज्या पोराला कुठलीच कंपनी हुंगून बघेना, त्याला सर वार्षिक अहवालात 'उच्च शिक्षणास इच्छुक' या रकान्यात ढकलत. इच्छुक म्हटला की तो टक्केवारीच्या हिशेबातून बाद, आणि कॉलेजचा आकडा पुन्हा टवटवीत. ते पोर बापडं रस्ता ओलांडून व्हिसाबाईकडे जाई. तिथे विद्यापीठांचे नकार आले की बाई मायेने म्हणत, "तुझ्या प्रोफाइलला अनुभव कमी पडतोय राजा. दोन वर्षं नोकरी कर, मग ये." की निघालं पोर परत रस्ता ओलांडून. नवराबायकोंनी मधला तो रस्ता असा वाहता ठेवला होता. आणि रात्री दोघं ताटाला ताट लावून जेवत. कोणी कोणाला दोष म्हणून देत नसे.

अडचण झाली ती त्यांची स्वतःची लेक मेकॅनिकल होऊन बाहेर पडली तेव्हा.

पोरगी हुशार, पण बोलायला कमी. असल्या घरात दुसरं काय होणार! तिने दोन्हीकडे अर्ज केले होते, कारण एकीकडेच केला असता तर दुसऱ्या बाजूने अबोला धरला असता. दोन्हीकडे जमलंही. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याची नोकरी आली आणि एका परदेशी विद्यापीठाचा प्रवेशही आला. त्या प्रवेशासाठी आईच्या ऑफिसातल्या साच्यातून निबंध काढला होता. 'लहानपणी मी रेडिओ उघडून बघितला आणि यंत्रांच्या प्रेमात पडले.' घरात रेडिओ नव्हता. विषय निवडताना उष्णता, रचना आणि उत्पादन असे तीन पर्याय होते. तिने मधला निवडला, मधला होता म्हणून.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी आधी नोकरी करते."

सरांचा घास हातातच राहिला, आनंदाने. "बघ! बघ! रक्त कोणाचं आहे!"

"तुमच्या भाषणामुळे नाही बाबा. मास्टर्स कशात करायचं तेच मला माहीत नाही. पंप नुसता पुस्तकात कापलेला बघितलाय."

"दोन वर्षांनी तुझी इंग्रजीची परीक्षासुद्धा शिळी होईल," आई म्हणाली. "ती परत द्यावी लागते, माहितीये?"

"देईन परत."

"ठीक आहे बाई, तुझं आयुष्य," व्हिसाबाई म्हणाल्या. असं म्हणणाऱ्या बाईने काही ऐकलेलं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

त्याच आठवड्यात व्हिसाबाईंच्या खिडकीखाली हा भलामोठा फलक लागला. प्रवेशाचा हंगाम होता, गिऱ्हाईक रेंगाळत होतं. फलकावर लेकीचा फोटो, विद्यापीठाचं नाव आणि 'हार्दिक अभिनंदन'. इकडे सरांनीही कॉलेजच्या फाटकावर फलक लावला: 'यंदाचे मानकरी'. पहिला फोटो लेकीचा. तोच फोटो, तोच निळा ड्रेस. रस्त्याच्या दोन्ही काठांवरून पोरगी स्वतःकडे बघून हसत होती.

लेकीने दोघांना सांगितलं, काढा. दोघं म्हणाले, आधी तिकडचा निघू दे.

आणि नेमके कारखान्याचे एचआरसाहेब सरांच्या ऑफिसात कागदपत्रं तपासायला आले. सोबत पंप विभागाच्या प्रमुखबाई. पायात जाड बूट, चेहऱ्यावर 'लवकर आटपा'. साहेबांनी खिडकीशी खुर्ची ओढली, चहाचा घोट घेतला, आणि बाहेर बोट दाखवलं.

"सर, समोरच्या फलकावरची मुलगी आणि तुमच्या यादीतली मुलगी..."

इथे सरांची इतक्या वर्षांची तालीम आडवी आली. इंटरव्ह्यूत 'पुढे शिकायला जाणार का?' असं विचारलं की डोळे न मिचकावता 'नाही सर' म्हणायचं, हे त्यांनीच पोरांना घोकवलेलं. तोंड आपोआप उघडलं.

"छे छे! ती दुसरी कोणीतरी. चेहरा जरा मिळताजुळता आहे."

"ड्रेससुद्धा?"

"हल्ली एकाच दुकानातून घेतात हो सगळ्या."

लेक दारातच उभी होती, फाइल छातीशी धरून. बापाने भर दिवसा, टाय घालून, आपल्याला नाकारलेलं तिने कानांनी ऐकलं. सरांना ती दिसली आणि त्यांचा हात टायच्या गाठीकडे गेला.

"ती मीच आहे," ती म्हणाली. "हे माझे बाबा, आणि तो फलक माझ्या आईचा."

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे प्रवेश मिळालाय? इंटरव्ह्यूत तुम्ही नाही म्हणालात."

"तेव्हा आला नव्हता. पण अर्ज केला होता, तो सांगितला नाही. ते चुकलंच. आता जात नाहीये. दोन वर्षं काम करायचंय, मग कळलं काय शिकायचं तर जाईन. कायम राहीन असं म्हणत नाही."

"मग आम्ही दोन वर्षं शिकवायचं आणि तुम्ही उडून जायचं?" साहेब प्रमुखबाईंकडे वळले. "मॅडम, ही ऑफर मागे घ्यावी लागेल असं मला वाटतं."

सर खुर्चीच्या काठावर आले होते. एका पायावर माफी, दुसऱ्यावर नवीन थाप.

"थांबा," प्रमुखबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्ही मला आयुष्यभर राहणारे दोघं दिले. आठ महिन्यांत दोघंही गेले, दुरुस्तीला घेतलेला पंप उघडा टाकून. ही निदान दोन वर्षं म्हणतेय." मग लेकीला, "दोन म्हणजे दोन हं. मध्येच आईने बॅग भरली तर?"

"भरलेली रिकामी करीन."

"मग हिला माझ्याकडे द्या. आणि सर, तुम्ही जरा पाणी प्या."

संध्याकाळी घरी व्हिसाबाई फणकारल्या होत्या. "सीट सोडायची नाही! पुढच्या वर्षावर ढकलता येते. मी स्वतः मेल लिहिते."

मेल गेला, उत्तरही आलं. फार तर एक वर्ष, त्याहून जास्त नाही. नंतर नव्याने अर्ज.

"एक तर एक," आई म्हणाली. "वर्षभर कर तुझे पंप, मग निघ. तिथे कोण विचारतंय, दोन म्हणालीस की एक?"

"मी म्हणालेय आई."

"अहो, सांगा ना हिला काहीतरी!"

सरांनी घसा साफ केला. आतून भाषण वर येत होतं. स्वतःचं किंवा बायकोचं, कुठलंही चाललं असतं. पण लेकीने त्यांच्याकडे बघितलं, दुपारी दारातून बघितलं होतं तसं, आणि भाषण होतं तिथेच बसलं.

"आणि दोन वर्षांनीही कळलं नाही काय शिकायचं, तर?" आईने शेवटचं अस्त्र काढलं.

"तर काय शिकायचं नाही ते कळेल."

तिने विद्यापीठाला दोन ओळी लिहिल्या, सीट सोडली आणि लॅपटॉप मिटला. व्हिसाबाई पाठ फिरवून बसल्या. सर उठले आणि चहा ठेवायला आत गेले. कोणालाही काहीही सल्ला न देता ते एखाद्या खोलीतून बाहेर पडल्याचं त्या घरात कोणाला आठवत नव्हतं.