वीस मिनिटांची सेटिंग

चारुशीला वाडी या उपनगरात राहते, अमरावती रोडच्या आतल्या गल्लीत. तिचा नवरा सुशील ट्रान्सपोर्टच्या गोदामात नोकरीला. सात वर्षांपूर्वी तिनं ओट्याशेजारी ओव्हन मांडला आणि घरूनच केक करून द्यायला लागली.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर यायच्या. कॅटलॉगमध्ये केकचे फोटो आणि भाव होते. लोक हवा तो केक निवडून पाठवत आणि मग चारुशीला एकेकाला विचारत बसे. कोणत्या तारखेला? अंड्याचा की बिनअंड्याचा? नाव काय लिहू? एवढं कळल्याशिवाय ती मैदा चाळायला घेत नसे.

पण गेल्या दिवाळीत शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली एक ऑर्डर दबून गेली आणि एका पोराचा वाढदिवस केकविना झाला. ते तिच्या मनाला फार लागलं. म्हणून शहरात सदर भागात वेबसाइट बनवून देणाऱ्या केयूरकडे ती गेली.

"काकू, व्हॉट्सॲप म्हणजे टपरी," केयूर म्हणाला. "आता दुकान टाका."

तिनं तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. दोन दिवस आधी सांगितलं तरच ऑर्डर घ्यायची. एका दिवशी सहाच केक, कारण ओव्हन एकच. आणि अंड्याचं विचारल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ द्यायची नाही. केयूरनं कागदाचा फोटो काढला. "होऊन जाईल," म्हणाला.

वेबसाइट सुरू झाली. दुसऱ्याच शनिवारी सकाळी तिनं फोन पाहिला तर त्या दिवशीच्या अकरा ऑर्डर. त्यातल्या पाच आदल्या संध्याकाळी आलेल्या. सगळ्यांनी पैसे भरले होते आणि त्यांना 'ऑर्डर पक्की' असा मेसेजही गेला होता.

तिनं त्या पाच जणांना फोन लावले. तिघं रविवारवर कबूल झाले. एकीनं ऑर्डर रद्द केली. एक गृहस्थ तर भडकलेच, "पक्की म्हणून तुम्हीच सांगितलं न? आता पाहुण्यांना काय सांगू?" तिनं माफी मागितली आणि पैसे परत करते म्हणाली. फोन ठेवून तिनं उरलेले सहा केक केले.

त्यातला एक चिन्मयी नावाच्या मुलीनं मागवला होता. संध्याकाळी तिचा फोन आला. "काकू, आजीचा पंच्याहत्तरावा आहे. केक बिनअंड्याचाच आहे न? मी ऑर्डरच्या खाली लिहिलं होतं."

चारुशीलानं ऑर्डर पुन्हा उघडून पाहिली. तिच्या फोनवर फक्त केकचं नाव, वजन आणि पत्ता आला होता; बिनअंड्याचं काही नव्हतं, म्हणून तिनं अंड्याचा केला होता. "आजीचं नाव काय वं?"

"जिजाबाई."

जिजाबाई! पाच वर्षांपासूनची गिऱ्हाईक. व्हॉट्सॲपवर बोलून मेसेज पाठवायची आणि दर वेळी बजावायची, "अंडं नको हं बाई." त्या घरी अंड्याचा केक गेला होता.

"कापू नका वं," चारुशीला म्हणाली. "अंड्याचा आहे. माझ्या हातून गेला."

त्या घरी मेणबत्ती शिऱ्यात खोवली गेली. जिजाबाई स्वतः फोनवर आली आणि एवढंच म्हणाली, "तू तर विचारत होतीस नं मले." शिवी दिली असती तर बरं, असं चारुशीलाला वाटलं.

सोमवारी ती केयूरच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"काकू, लोकांनी काय लिहिलं ते लॅपटॉपवर उघडून पाहायचं असते," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलं नाही, त्याले मी काय करू?"

"माझे हात लोण्यात असतात गा! लॅपटॉप कोण उघडून राहिलं तिथं? अन् हा तीन गोष्टींचा कागद काहून घेतला होता तू?"

केयूर चुळबुळला. वेबसाइट त्यानं एका कपड्याच्या दुकानासाठी बनवलेल्या साच्यावरून उचलली होती. कपड्याला कसली आली तारीख, आणि कसलं अंडं?

"मग ते बसवता येत नाही?"

"येते ना. सेटिंग असते."

"मग बसव. मी बसली आहे इथंच."

तिनं खुर्ची ओढली. केयूरनं तारखेचा रकाना टाकला, दोन दिवसांच्या आतली ऑर्डर बंद केली, दिवसाला सहाची मर्यादा घातली. अंड्याचा प्रश्न सक्तीचा केला आणि त्याचं उत्तर फोनवरच्या मेसेजमध्ये येईल असं केलं. तिनं तिथंच उद्याची तारीख टाकून पाहिली. वेबसाइटनं नकार दिला. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वीसच मिनिटं लागली होती.

चारुशीलानं घड्याळाकडे बोट दाखवलं. "वीस मिनिटं! तुझ्या वीस मिनिटांपायी त्या म्हातारीच्या घरी अंडं गेलं. मले टपरी म्हणत होता तू. टपरीवाला निदान विचारून देते!"

वेबसाइटचं नाव केयूरनं स्वतःच्या खात्यावर नोंदवलेलं निघालं. तेही स्वतःच्या नावावर करून घेतल्यावरच ती खुर्चीवरून उठली.

घरी आल्यावर सुशील म्हणाला, "बंदच करून टाक वं ते. व्हॉट्सॲप बरं होतं."

"दबून गेलेली ऑर्डर विसरले का तुम्ही?" ती फणकारली.

तिनं दोन्ही ठेवलं. नेहमीचे ठरलेले केक वेबसाइटवर, कारण तिथली ऑर्डर हरवत नाही. ज्याला केकवर काही वेगळं हवं असेल, त्यानं व्हॉट्सॲपवर यायचं. तिथं आलेली प्रत्येक ऑर्डर ती स्वतःच वेबसाइटवर चढवते, म्हणजे सहाचा हिशेब चुकत नाही. जिजाबाईला मात्र तिनं सांगून ठेवलं, तुम्ही बोलूनच पाठवा.

त्या शनिवारचा विषय निघाला की आजही तिचा आवाज चढतो.