झेंड्याचं झालं ‘द्या’

थांबा, हे आत्ताच सांगतो, माझ्या पोटात राहायचं न्हाई.

मी नेकनूरला फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो. सकाळी आमच्या गल्लीतले काका आले, संगं त्यांची लेक. ती नर्स हाय, संध्याकाळी जर्मनीला निघणार. काकांचं एकच: ती गाडीत बसायच्या आत बॅनर स्टँडसमोर लागला पाहिजे! मजकूर त्यांनी मोबाईलवरून पाठवला. मी कॉम्प्युटरवर उघडला:

‘lek nighali Germanyla. sarvanche ashirwad DE’

आमच्याकडं निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरातच लिहितात. मला वाटलं, DE म्हंजी ‘दे’! बॅनरवर ‘दे’ बरं दिसंना, म्हणून मी शहाण्यानं सुधारलं: ‘सर्वांनी आशीर्वाद द्या’.

काकांनी स्क्रीन बघितली. "झेंडा कुठंय?"

"कोणता झेंडा, काका?"

"आन हे ‘द्या’ कावून टाकलं बे? मी काय मागायला बसलो का स्टँडवर?"

"तुमीच लिहिलंय की!"

काकांनी मोबाईल स्क्रीनला टेकवला. तोच मेसेज, पण तिथं शेवटी जर्मनीचा झेंडा! माझ्याकडं नुसतं DE.

"तुझं मशीन बिघडलंय."

मशीन कशाचं बिघडतंय, बाकीचे इमोजी, हसरं तोंड, विमान सगळं दिसतंय! मग मी तेच DE कॉपी करून माझ्याच मोबाईलवर पाठवलं. झेंडा आला! हातानं DE टाइप करून पाठवलं, तर DE च. मी असा वरडलो की काका दचकले.

नेटवर शोधलं तवा कळलं. मेसेजमधून झेंड्याचं चित्र जातच न्हाई. जातात दोन खास अक्षरं, देशाच्या नावाची; जर्मन लोक आपल्या देशाला डॉइचलांड म्हणतात, म्हणून DE. मोबाईलच्या फॉन्टमधी झेंडा असतो, तो त्या जोडीच्या जागी झेंडा दाखवतो. विंडोजच्या फॉन्टमधी देशांचे झेंडेच न्हाईत, म्हणून तो अक्षरं दाखवतो. आपला तिरंगा पण IN!

"म्हंजी मी बरोबर होतो," काका म्हणाले.

"मी पण बरोबर होतो, काका."

"तू गप."

मग झेंड्याचं चित्रच डाऊनलोड करून चिटकवलं. काकांच्या लेकीनं, ताईनं, बारकाईनं बघितलं, "काळं वर, मधी लाल, सोनेरी खाली. बरोबर." मी ‘द्या’ पुसायला गेलो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना. पप्पा, आज मागितले तर काय झालं? लई लांब चालले मी."

काकांनी चष्मा पुसला, आन मला म्हणाले, "छाप."

संध्याकाळी गाडी आली तवा बॅनर लागलेला होता. ‘द्या’ बी, झेंडा बी. आन खरंच स्टँडवरच्या चार म्हाताऱ्या ते वाचून पुढं आल्या, ताईच्या डोक्यावर हात ठेवायला!

आता तुमी सांगा, तुमच्या कॉम्प्युटरवर झेंड्याची अशी अक्षरं झालीत का कधी? आन तुमी ती काय म्हणून वाचली?