शंभराच्या आतला फरक

बाभुळगावात आमच्या शेतकरी कंपनीचं ऑफिस म्हणजे मागच्या बाजूला खिडकी असलेली एक खोली. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, एक कपाट, एक संगणक आणि मी. सभासद हंगामात येतात, एरवी फोन करतात. कित्येक दिवस असे जातात की सकाळी यवतमाळहून बसनं येताना कंडक्टरशी जे बोलले, त्यानंतर थेट परतीच्या कंडक्टरशीच बोलते. तक्रार नाही. कामं त्यामुळे वेळेवर होतात.

अशाच रिकाम्या दिवसांत मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. सभासदांना रोज एकच गोष्ट हवी असायची: आज तुरीला काय भाव, सोयाबीनला काय. बाजार समित्या आपापल्या साइटवर भाव टाकतात, कुणीही पाहावेत म्हणून. पण गावात बसून तीन बाजारांची, पिकागणिक वेगळी पानं कोण उघडत बसणार? म्हणून माझा प्रोग्रॅम दुपारी दोन, चार आणि सहा वाजता आपोआप सुरू होतो, ती पानं पाहतो आणि भाव बदलला असेल तर सभासदांना मेसेज पाठवतो.

दुसऱ्याच्या दारी जायचं तर रीत पाळावी. प्रत्येक साइटवर एक छोटी फाइल असते, कुठल्या पानांवर यंत्रानं येऊ नये हे सांगणारी. ती प्रोग्रॅम आधी वाचतो. एक पान पाहिलं की वीस सेकंद थांबतो, मगच पुढचं मागतो. समोरून 'आता गर्दी आहे' असं उत्तर आलं तर अर्धा तास तिकडे फिरकत नाही. बाजार समितीचा सर्व्हर तो केवढासा. तो आपल्या घाईनं बसला तर भाव कुणालाच दिसायचे नाहीत. आणि दर विनंतीसोबत कंपनीचं नाव व ऑफिसचा नंबर जातो, म्हणजे कोण आलं होतं ते त्यांना कळावं.

कळलंही. पहिल्याच महिन्यात एका बाजार समितीच्या ऑपरेटरचा फोन आला. त्यानं नोंदींमध्ये आमचा नंबर पाहिला होता.

"मॅडम, तुम्हीच का त्या, दिवसातून तीनदा येता न् काही न बोलता जाता?"

मी हो म्हणाले. त्रास होत असेल तर बंद करते, असंही म्हणाले.

"त्रास कायचा? आमचं पान रोज वाचणारं दुसरं कोणीच नाही. येत जा."

त्याच्या त्या पानानं मला सुरुवातीला चांगलंच खेळवलं होतं. मी आधी अख्खं पान कालच्या पानाशी ताडून पाहायची. पानाच्या तळाशी, आजवर किती जणांनी भेट दिली, तो आकडा असायचा. माझा प्रोग्रॅम भेट द्यायचा, आकडा एकानं वाढायचा, पुढच्या फेरीत प्रोग्रॅमला पान बदललेलं दिसायचं आणि सगळ्यांना मेसेज जायचा. म्हणजे माझ्याच येण्याची बातमी मी गावोगाव देत होते. मग मी पानातला फक्त भावाचा तक्ता घ्यायला लागले. ऑपरेटर कधी मराठी आकडे टाकायचा, कधी इंग्रजी; ते सारखेच धरायला प्रोग्रॅमला शिकवलं. तारीख, आवक, सणाच्या शुभेच्छा, सगळं बाजूला. राहिला तो फक्त सर्वसाधारण दर, म्हणजे त्या दिवशी बहुतेक मालाला लागलेला भाव.

तरी आमचे अध्यक्ष वैतागले. त्यांची स्वतःची वीस एकर शेती आहे आणि फोन कायम शर्टाच्या खिशात. वीस-तीस रुपयांनी दर हलला की खिसा वाजायचा.

"मॅडम, एवढ्याशासाठी कायले वाजवता? लोकं वाचनंच सोडून देतील. खरा फरक पडला तरच पाठवा."

खरा फरक म्हणजे किती, हे ठरवलं मी. क्विंटलमागे शंभर रुपये किंवा जास्त. त्याच्या आत असेल तर गप्प बसायचं. सभासदांनाही तसं सांगून ठेवलं: मेसेज आला नाही म्हणजे भाव तोच आहे. ऑफिसात शांतता झाली. मी रोज आकडे पाहणंही सोडलं. पाहायला प्रोग्रॅम होताच.

त्या काळात रविवारी मुलीचा बेंगळुरूहून फोन यायचा. काय चाललंय, विचारायची. विशेष काही नाही, मी म्हणायची. खोटं नव्हतं. वेगळं काढून सांगावं असं एका दिवसात काहीच घडत नव्हतं.

तुरीच्या हंगामात एका दुपारी एकच्या सुमारास आमच्या एक सभासद बाई ऑफिसात आल्या. माझ्यापेक्षा मोठ्या. मी त्यांना काकू म्हणते. नवरा गेल्यापासून चार एकर एकट्या करतात. त्यांनी घरात तूर राखून ठेवली होती, चांगल्या भावासाठी. त्यातून घरावर पावसाळ्याआधी टिनपत्रे टाकायचे होते. खुर्चीवर बसल्या नाहीत. पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "ताई, तुरीचा भाव काय हाय आज?"

मी शेवटच्या मेसेजमधला भाव सांगितला. आठवणीतून, संगणक न पाहता.

"मग मले बोलीत चारशेनं कमी काहून आला?"

तूर ओली असेल, माती असेल, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. शेजारच्या ढिगालाही तोच भाव लागला होता. पोती अजून बाजाराच्या ओट्यावर होती. व्यापाऱ्याची बोली मान्य आहे की नाही, ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. गाडी तिघांनी मिळून भाड्यानं आणलेली, गाडीवाला अर्ध्या तासाच्या वर थांबणार नव्हता. तूर द्यायची की परत न्यायची, एवढं त्यांना माझ्याकडून हवं होतं.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बाजार समितीनं पानावर भाव टाकलेच नसतील. माणूस आधी दुसऱ्याकडे पाहतो. मी त्या ऑपरेटरला फोन लावला. विचारलं, तुमचं पान अडकलं आहे का?

"नाही मॅडम. रोज टाकून राह्यलो ना मी. तुमची मशीन रोज येते, घेऊन जाते. मंग तुम्हालेच कसं माहीत नाही?"

प्रोग्रॅम पाहिलेला प्रत्येक भाव एका फाइलमध्ये ठेवतो. ती उघडली. काकू माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. शेवटच्या मेसेजनंतर बाजार नऊ दिवस भरला होता. पहिल्या दिवशी दर तीसनं उतरला होता. दुसऱ्या दिवशी वीस. मग चाळीस, तीस, पन्नास, साठ, चाळीस, पन्नास, सत्तर. एकही दिवस शंभराचा नाही. प्रोग्रॅम आजचा भाव कालच्या भावाशी ताडून पाहायचा आणि रोज ठरवायचा की हा काही खरा फरक नव्हे. नऊ दिवसांत तीनशे नव्वद उतरले आणि त्याच्या लेखी काहीच झालं नव्हतं. तो चुकला नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं. सभासदांना जो भाव शेवटी कळवला त्याच्याशी ताडून पाहायला हवं होतं, आणि मी कालच्याशी ताडून पाहायला सांगितलं होतं.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. शक्य तितकं सोपं करून. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे मशीनीले माहीत होतं."

"हो."

"अन् तुम्ही रोज इथंच बसून होत्या."

"होते."

"मशीन चूप होती ते ठीक. तुम्ही कायले चूप होत्या?"

आवाज चढवला नव्हता. शेजारणीला विचारावं तसं विचारलं. मी म्हणाले, मी पाहत नव्हते.

मग त्यांनी विचारलं, भाव अजून उतरेल का. ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. प्रोग्रॅमला झालेलं कळतं, होणारं नाही. आणि झालेलंही नीट विचारलं तरच. त्यांनी दाराबाहेर थांबलेल्या गाडीकडे पाहिलं. परत न्यायचं तर भाडं पुन्हा, आणि उद्याचं कोणी सांगावं.

"देऊन टाकतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

मी सोबत येते म्हणून उठले. नको म्हणाल्या. दारात थांबून, पायात चप्पल सरकवत म्हणाल्या, "ताई, माझा नंबर त्याच्यातून काढून टाका. मी आपली बाजाराच्या दिवशी कोणाले तरी विचारीन. विचारलं तर माणूस सांगते."

त्या गेल्यावर मी आधी नंबर काढला. मग दुरुस्ती केली. दोन ओळींचं काम होतं: तुलना कालच्या भावाशी नाही, शेवटच्या कळवलेल्या भावाशी, आणि कळवला की तोच भाव नवा आधार. जुन्या नऊ दिवसांच्या आकड्यांवर चालवून पाहिलं. चौथ्या दिवशी मेसेज गेला असता. तोवर भाव एकशे वीसनंच उतरला होता. काकूंनी त्या दिवशी गाडी केली असती. मी ते तपासलं नसतं तरी चाललं असतं, पण दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

अध्यक्षांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं आणि म्हणाले की सभासदांना कळवते. दुरुस्त झालं ना, तेवढं पुरे, असा त्यांचा सूर होता.

"कायले लिहिता मॅडम. लोकायचा भरवसा उडंल."

मी लिहिलं. नऊ दिवसांत तूर तीनशे नव्वदनं उतरली, मेसेज गेला नाही, चूक ऑफिसची म्हणजे माझी, आता दुरुस्त केली आहे, आजचा दर इतका. सगळ्या यादीला पाठवलं आणि सहाच्या बसपर्यंत फोन टेबलावर समोर ठेवून बसले. एकाचंही उत्तर आलं नाही. भावाच्या मेसेजला उत्तर द्यायची कोणाला सवयच नव्हती.

काकूंना तो मेसेज गेला नाही. त्यांचा नंबर मी आधीच काढला होता, आणि त्यातलं एकही अक्षर त्यांना नवं नव्हतं.