मायलेज पंचेचाळीस

स्कूटर दुरुस्त करणाऱ्या त्या मेस्त्रीला सगळी गल्ली नाकमेस्त्री म्हणायची. नाक म्हणाल तर चारचौघांसारखंच, पण माणूस तोंडापेक्षा नाकाने जास्त बोलायचा. गाडी आत आली की उकिडवा बसून इंजिनाला कान लावायचा आणि म्हणायचा, "हं." त्या एका 'हं'मध्ये गाडी, गाडीचा मालक आणि मालकाला गाडी शिकवणारा, तिघांचीही अब्रू जायची.

पण त्याचा खरा तिरस्कार राखून ठेवलेला होता तो साप्ताहिकातल्या 'विकणे आहे' या सदरासाठी. गुरुवारी अंक आला की तो स्टुलावर बसून मोठ्याने वाचायला लागे. 'डॉक्टरांनी वापरलेली.' म्हणजे डॉक्टरांनी नाडी बघून हात टेकलेली. 'शोरूम कंडिशन.' असेल, शोरूमला आग लागल्यानंतरची. एकाने लिहिलं होतं, 'गाडी घरच्या माणसासारखी सांभाळली आहे.' मेस्त्री त्याच्या घरी जाऊन आलेला होता. म्हणाला, मग त्या गाडीचं काही खरं नाही.

स्वतः मात्र तो शब्दाचा पक्का. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीला त्याच्या वहीत एक पान असे. तारीख, मीटरचा आकडा, काय बदललं, आणि शेवटी काय सांगितलं पण ऐकलं नाही. हा शेवटचा रकाना सगळ्यात लांब.

अशा माणसाच्या नशिबी जावई कोणता यावा, तर गाद्यांच्या दुकानातला विक्रेता. दिवसभर गिऱ्हाइकाला 'ढगावर झोपल्यासारखं वाटेल' असं सांगून सांगून त्याची जीभच गादीसारखी मऊ झाली होती. मेस्त्री त्याला तोंडावर जावईबापू म्हणायचा आणि पाठीमागे कापूस.

या कापसाने आपली आठ वर्षांची स्कूटर विकायला काढली. साप्ताहिकाच्या कचेरीत फोन लावला आणि मजकूर सांगितला. पहिला मालक, कागदपत्रं क्लिअर, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी सासऱ्यांकडे. पलीकडच्या कारकुनाने विचारलं, मायलेज किती? आता आपल्याकडे मायलेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी किती पळते ते. जावयाने रुबाबात सांगितलं, पंचेचाळीस. खरं तर चाळीससुद्धा पडत नव्हतं, पण गादीवाल्याची जीभ. कारकुनाच्या छापील फॉर्मात मात्र मायलेज म्हणजे गाडी आजवर किती चालली तो आकडा होता. पंचेचाळीस किलोमीटर चाललेली गाडी कोण विकेल, असा विचार करून त्या शहाण्याने पुढे 'हजार' जोडलं.

गुरुवारी जावई अंक घेऊन गॅरेजात आला तो फणफणतच. मीटरवर चौदा हजार दोनशे दिसतात आणि या गाढवांनी पंचेचाळीस हजार छापलंय, गाडी कोण घेणार? तेव्हा मामांनी आपल्या लेटरहेडवर लिहून द्यावं, की मीटरचा आकडा बरोबर आहे.

मेस्त्रीने वही काढली. तीन वर्षांपूर्वी याच जावयाने गाडी फाटकावर नेऊन घातली होती आणि मीटरचा चक्काचूर झाला होता. पानावर मेस्त्रीचंच अक्षर: 'जुना मीटर ३१,४६०. नवीन बसवला, शून्यापासून.' त्यात चौदा हजार दोनशे मिळवले. पंचेचाळीस हजार सहाशे साठ झाले.

मेस्त्रीने बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. उभ्या हयातीत जावयाच्या तोंडून एकदाच खरं निघालं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या चुकीने.

"जावईबापू," तो म्हणाला, "छापलंय ते बरोबर आहे."

जावयाचं म्हणणं पडलं, की नवा मीटर तर नवा मीटर, त्यावर जे दिसतं तेच आपण सांगायचं, त्यात खोटं काय? मेस्त्री म्हणाला, म्हणजे उद्या मी केसांना कलप लावला, की तुम्ही माझं पुन्हा लग्न लावून द्याल.

संध्याकाळी मुलगी आली. ती कधी काही मागणारी नव्हती. वडिलांच्या शेजारी बसून हळूच म्हणाली, "बाबा, ह्यांना नाही म्हणालात तर महिनाभर घरात माझ्यावर राग निघेल. चार ओळी तर लिहायच्यात."

मेस्त्रीच्या नाकातून त्या दिवशी 'हं' निघालं नाही. तीस वर्षं ज्या चार ओळींची त्याने टर उडवली होती, त्याच आता त्याला स्वतःच्या सहीने लिहायच्या होत्या. नाहीतर पोरीच्या घरात धुसफुस.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली एक नर्स गाडी बघायला थेट गॅरेजातच आली, कारण जाहिरातीत सासऱ्यांचा पत्ता होता. मागोमाग जावईही आला. बाईंना पहाटेच्या ड्यूटीला जायला गाडी हवी होती. त्यांनी आधी ग्रिप बघितली, मग पायाखालचं रबर, मग सीट उचलून चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला. मेस्त्रीला बाई आवडल्या.

"आठ जाहिराती वाचल्या," बाई म्हणाल्या. "सगळ्या आठ-दहा वर्षांच्या गाड्या, आणि सगळ्या दहा-बारा हजार चाललेल्या. पंचेचाळीस लिहिणारे तुम्ही एकटेच. म्हटलं, माणसं सरळ दिसतायत."

एवढं ऐकूनही जावयाने तोंड उघडलंच. छपाईची चूक झाली सिस्टर, गाडी चौदाच हजार चाललीय, विचारा मामांना.

बाईंचा चेहरा दार लोटून घ्यावं तसा मिटला. त्यांनी मेस्त्रीकडे बघितलं. जावयानेही बघितलं. मेस्त्रीने मुलीचा विचार केला, आणि वही उघडून बाईंच्या हातात दिली.

"पंचेचाळीस हजार सहाशे साठ," तो म्हणाला. "इंजिनाचा पट्टा दोनदा बदललाय, चौदा हजारांत कोणी दोनदा बदलत नाही. मागचा टायर येत्या वर्षात मागेल. पहिला मालक हे खरं. कागद क्लिअर हे खोटं."

कारण नोंदणीच्या पुस्तकावर बँकेचा बोजा अजून तसाच होता. कर्ज फेडून चार वर्षं झाली, बँकेने ना हरकत दाखलाही दिला, पण जावयाने तो आरटीओ कार्यालयात न देता कपाटात जपून ठेवला आणि त्याची मुदत केव्हाच उलटली. तो बोजा उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. विमा पाच महिने शिल्लक, तोही नावावर करून घ्यायचा. धुराचं प्रमाणपत्र संपलेलं.

बाईंनी वहीचं पान शेवटच्या रकान्यासकट वाचलं. 'ब्रेक शू बदला. ऐकलं नाही.' 'तेल काळं होईपर्यंत थांबू नका. ऐकलं नाही.' वही परत देत म्हणाल्या, ब्रेक शू बदला आणि बोजा उतरवा, मग गाडी मी घेते. मात्र या पानाची नक्कल हवी, तुमच्या सहीने.

मेस्त्रीने नक्कल लिहून सही केली.

घरी काय होतंय या धास्तीने मेस्त्री दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी आली ती हसतच. राग राहिला बाजूला, जावई फुगून बसला होता, पण पहिल्याच गिऱ्हाइकाला गाडी खपल्याच्या अभिमानाने. महिन्याभरात बँकेकडून नवा दाखला आला, बोजा उतरला. गाडी नावावर करायच्या दिवशी कार्यालयाच्या रांगेत तो पुढच्या-मागच्यांना सांगत होता, की जुनी गाडी विकायची तर जाहिरातीत खरा आकडाच लिहावा, माणूस विश्वासावर गाडी घेतो, आपण स्वतः पंचेचाळीस हजार छापून आणले, छातीठोकपणे.

लोक माना डोलवत होते. एकाने तर ते कागदावर टिपून घेतलं.

बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मेस्त्रीच्या जिभेवर आलं होतं, पण तो पोरीचा बाप होता. त्याने हस्तांतराचा फॉर्म जावयापुढे सरकवला आणि म्हणाला,

"इथे सही करा, जावईबापू. लिहिण्यासारखं बाकी काही नाही."